डलासची थाळी, बेळगावची थाळी आणि डॉलरचे दोन भाव

प्रश्न: माझा मुलगा डलासला नोकरी करतो. तिथे भारतीय हॉटेलात शाकाहारी थाळी 18 डॉलरला मिळते. डॉलर 85 रुपयांचा धरला तर हे 1,530 रुपये झाले. आमच्या बेळगावच्या टिळकवाडीत तशीच थाळी 120 रुपयांना. फोन मात्र दोन्हीकडे जवळपास सारख्याच किमतीला. पीपीपीप्रमाणे डॉलर 20 रुपयांचाच आहे असं वाचलं. मग बँकेतला 85 चा भाव खोटा का? आणि मुलाचा पगार कोणत्या भावाने मोजायचा?

उत्तर:

खोटा एकही नाही. 85 हा डॉलर विकत घ्यायचा भाव. 20 हा पीपीपीचा, म्हणजे क्रयशक्तीच्या समतेचा आकडा: एका डॉलरमध्ये तिकडे जेवढं सामान येतं तेवढंच इकडे घ्यायला किती रुपये लागतात त्याची सरासरी. पण तुमच्या थाळीचा भाव या दोन्हींपेक्षा वेगळा निघतो, आणि तो का निघतो हे कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

माझी बरीच वर्षं बाजारभाव गोळा करण्याच्या कामात गेली. महागाईच्या आकड्यासाठी दर महिन्याला ठरलेल्या दुकानांत ठरलेल्या वस्तूंचे भाव घ्यायचे, आणि मध्ये मध्ये देशादेशांच्या तुलनेसाठीही वेगळी यादी यायची. त्या यादीवर आम्हाला पहिला धडा मिळाला तो हा की भागाकार सगळ्यांत शेवटी करायचा. आधी दोन्ही ठिकाणचा नग एकच आहे का ते बघायचं. यादीत नुसतं ‘तांदूळ’ असं कधीच नसतं. कोणत्या जातीचा, सुटा की पाकिटातला, किती किलोचं पाकीट, किराणा दुकानातला की मोठ्या स्टोअरमधला, एवढं सगळं लिहिलेलं असतं. जेवणाच्या बाबतीत तर ते कुठल्या प्रकारच्या हॉटेलात खाल्लं हेही लिहावं लागतं, कारण टेबलावर वाढलेलं जेवण आणि काउंटरवरून उचललेलं जेवण हे आमच्या लेखी दोन वेगळे नग.

या नजरेने तुमच्या दोन थाळ्या बघू. ग्राहकाच्या खिशातून जी पूर्ण रक्कम जाते तीच किंमत धरायची, असा नियम आहे. डलासमध्ये पाटीवर 18 डॉलर लिहिलेले असतात, पण त्यावर 8.25 टक्के विक्रीकर लागतो, म्हणजे दीड डॉलर. वर वाढप्याला टिप द्यावी लागते, आणि तिकडे ती ऐच्छिक म्हणत असले तरी न देता उठता येत नाही. 18 टक्के धरली तर आणखी सव्वातीन डॉलर. तुमच्या मुलाचे गेले 22.70 डॉलर. 85 च्या भावाने 1,930 रुपये. तुम्ही टिळकवाडीत 120 दिले आणि हात धुऊन उठलात. म्हणजे फरक तेरापट नसून सोळापट झाला.

पण दुसऱ्या बाजूनेही दुरुस्ती करायला हवी. डलासच्या ताटात पनीर असतं, एक-दोन भाज्या जास्त असतात, गोड असतं, भात दीडपट असतो आणि मुलगा उरलेलं डब्यात घालून घरी नेतो. आपल्या खानावळीत दोन भाकऱ्या किंवा तीन चपात्या, एक सुकी भाजी, आमटी, भात, ताक, लोणचं. तिकडे एसी असतो, एका टेबलावर लोक तासभर बसतात. इकडे दुपारी साडेबाराला रांग लागते आणि माणूस वीस मिनिटांत उठतो, कारण मागचा उभाच असतो. हे दोन नग एक नाहीत. खऱ्या तुलनेसाठी डलासचं काउंटरवर पैसे भरून कागदी ताटात मिळणारं साधं जेवण घ्यावं लागेल, आणि ते बरंच स्वस्त असेल. मात्र कितीही काटेकोर जुळवलं तरी सात-आठपटीचा फरक उरतोच, आणि त्या उरलेल्या फरकालाच अर्थ आहे.

तो कुठे दडलेला आहे हे बघायला मी ओळखीच्या एका खानावळवाल्याबरोबर बसून 120 रुपयांची फोड केली होती. वाणसामान आणि भाजी 58 रुपये. आचारी, भाकऱ्या करणाऱ्या बाया, वाढपी आणि भांडी घासणारी मिळून 26. गॅस आणि वीज 10, जागेचं भाडं 10, आणि मालकाच्या हातात उरतात 16. अमेरिकेतल्या हॉटेलधंद्यात ढोबळ हिशेब असा की विक्रीचा साधारण तिसरा हिस्सा मजुरीत जातो आणि तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास कच्च्या मालात. म्हणजे 18 डॉलरातले 6 मजुरीचे, साडेपाच मालाचे, आणि टिपचे सव्वातीन डॉलर तीही मजुरीच.

आता एकेक ओळ समोरासमोर ठेवा. माल: तिकडे साडेपाच डॉलर म्हणजे सुमारे 470 रुपये, इकडे 58. आठपट. ताट आपल्याएवढं केलं तर पाचपटीवर येतं. मजुरी: तिकडे सव्वानऊ डॉलर, म्हणजे 785 रुपये, इकडे 26. तीसपट! सगळा प्रकार या एका ओळीत आहे.

आमच्या खानावळीत भाकरी थापणारी बाई तासाला चाळीसेक भाकऱ्या करते. परातीत पीठ मळते, थापते, तव्यावर टाकते, वरून पाण्याचा हात फिरवते, उलटते, जाळावर फुगवते. तीच बाई उद्या डलासला नेली तर तिथेही चाळीसच करील. हात तेच, पीठ तेच, तवा तोच. इथे आचाऱ्याचे तासाचे 60-65 रुपये पडतात, तिथे स्वयंपाक्याला तासाला 16-17 डॉलर मिळतात, म्हणजे चौदाशेच्या आसपास रुपये. काम एक आणि मोल वीसपटीहून जास्त, हे कसं?

कारण मजुरी तो स्वयंपाकी किती भाकऱ्या करतो यावर ठरत नाही. ती त्या गावात त्याला दुसरीकडे काय मिळालं असतं यावर ठरते. डलासमध्ये तो उद्या गोदामात, कारखान्यात, ट्रकवर जाऊ शकतो, आणि तिथे यंत्रांच्या जोरावर एक माणूस तासाला एवढा माल हलवतो की त्याला सतरा-वीस डॉलर देणं परवडतं. हॉटेलवाल्याला त्याच्याशी बरोबरी करावी लागते, नाहीतर चूल बंद. हेच आपल्याकडे उद्यमबागेत, बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत दिसतं. ओतकामाच्या आणि मशीनिंगच्या वर्कशॉपमध्ये सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी यंत्रं आली, चांगल्या ऑपरेटरचा पगार वाढला, तेव्हा खानावळींतली तरुण पोरं तिकडे सरकली. भाकरी करण्याची पद्धत काडीमात्र बदलली नव्हती, तरी उरलेल्यांचा पगार वाढवावा लागला आणि थाळीचा भाव चढला. मालक म्हणायचा ज्वारी महागली. ज्वारीपेक्षा जास्त महाग झाली होती ती उद्यमबागेमुळे माणसं.

बेला बलासा आणि पॉल सॅम्युअलसन या दोन अर्थतज्ज्ञांनी 1964 मध्ये स्वतंत्रपणे हेच मांडलं, म्हणून या परिणामाला दोघांचं नाव आहे. ज्या वस्तू देशाबाहेर विकता येतात त्यांच्या उत्पादनात श्रीमंत देश गरीब देशापेक्षा फार पुढे असतो. केस कापणं, भांडी घासणं, वाढणं यांत मात्र तेवढा पुढे नसतो. पण पगार सगळ्या गावाचा एकच बाजार ठरवतो, म्हणून श्रीमंत देशात केस कापणंही महाग. जगदीश भगवती यांनी 1984 मध्ये याला दुसरी बाजू जोडली: तंत्र दोन्हीकडे सारखंच असलं तरी जिथे माणसं जास्त आणि भांडवल कमी तिथे माणसाच्या हाताचं काम स्वस्त राहणारच. मला स्वतःला दोन्ही पटतात. बेळगावात दोन्ही एकाच वेळी चालू असतात.

मग 85 चा भाव कशावर ठरतो? जे सीमा ओलांडतं त्यावर: उद्यमबागेतून निघालेला हायड्रॉलिकचा भाग, बंगळूरचं सॉफ्टवेअर, आखातातलं कच्चं तेल, परदेशी गुंतवणूक, मुलांनी घरी पाठवलेले पैसे. टिळकवाडीची थाळी डलासला पाठवता येत नाही आणि डलासचा माणूस जेवायला टिळकवाडीला येत नाही. त्यामुळे थाळीतला फरक कितीही मोठा असला तरी त्यावर कुणी नफा काढू शकत नाही, आणि जिथे नफा काढता येत नाही तिथे भाव एकमेकांकडे ओढले जात नाहीत. फोन पेटीत घालून विमानाने जातो, म्हणून त्याची किंमत दोन्हीकडे जवळ. उरलेला फरक आयातकर आणि जीएसटीचा.

हे चलनामुळे होतं असं वाटत असेल तर आपल्याच भागात बघा, इथे दोन्हीकडे रुपयाच आहे. बेळगावच्या आसपासची भाजी रोज गाड्या भरून गोव्याला जाते. बेळगावच्या भाजीबाजारात कोबीला जो घाऊक भाव त्यात घाटाची वाहतूक, हमाली आणि नासाडी मिळवली की पणजीचा भाव मिळतो. तो त्याहून फार वर जाऊ लागला तर दुसऱ्या दिवशी दोन गाड्या जास्त सुटतात. पण त्याच कोबीची भाजी वाढलेली थाळी पणजीत बेळगावपेक्षा ठळकपणे महाग असते, कारण वाढप्याचा पगार आणि जागेचं भाडं घाटावरून गाडीत घालून नेता येत नाही. उलट निपाणी आणि कागल बघा. मध्ये राज्याची हद्द आहे, पण माणसं रोज इकडून तिकडे कामाला जातात. म्हणून दोन्हीकडच्या साध्या खानावळींत भाव जवळजवळ एक. डिझेलचा भाव मात्र राज्यांच्या करामुळे वेगळा, आणि तो फरक मोठा झाला की ट्रकवाले हद्द ओलांडून टाकी भरतात. जे हलतं त्याचा भाव जुळतो. थाळीत न हलणारं फार आहे.

आता 20 च्या आकड्याकडे. तुमच्याच माहितीतल्या चार वस्तू घेऊ आणि प्रत्येकीचा रुपयातला भाव डॉलरमधल्या भावाने भागू. थाळी 120 भागिले 22.70, म्हणजे डॉलरला 5.3 रुपये. केस कापणं इथे 100 रुपये, तिथे टिपसकट 25 डॉलर धरा: 4 रुपये. एक लिटर दूध इथे 50 रुपये, तिथे गॅलनचा भाव लिटरवर आणला की सुमारे 1.05 डॉलर: 48 रुपये. 800 डॉलरचा फोन तिकडच्या करासकट 866 डॉलर, इथे 80,000 रुपये: 92 रुपये.

एकाच डॉलरची चार मोलं: 4, 5.3, 48, 92. यांची सरळ सरासरी काढली तर 37 येते. आता उलट करून बघा. एका रुपयाला किती डॉलर, असे चार आकडे काढून त्यांची सरासरी घ्या आणि मग तिचा व्यस्त काढा. येतात साडेआठ रुपये! तेच भाव, तेच दोन देश, फक्त हिशेब कुठल्या देशाच्या बाजूने मांडला एवढाच फरक, आणि उत्तर चौपट बदलतं. म्हणून या कामात सरळ सरासरी वापरत नाहीत. चारही आकड्यांचा गुणाकार करून त्याचं चौथं मूळ काढतात, म्हणजे भूमितीय मध्य. तो कुठल्याही बाजूने काढला तरी तोच येतो: साडेसतरा रुपये.

चारच वस्तूंत साडेसतरा आले आणि खरा आकडा विसाच्या आसपास आहे, हा योगायोग समजा. पाचवी वस्तू पेट्रोल घातली असती तर उत्तर वर गेलं असतं, कारण आपल्याकडच्या करामुळे पेट्रोलचा डॉलर 85 च्याही वर निघतो. मोलकरणीचा पगार घातला असता तर खाली आलं असतं. खऱ्या कामात शेकडो वस्तूंचे भाव घेतात, सारख्या वस्तूंचे गट करतात, गटातल्या वस्तूंचा असा मध्य काढतात आणि मग लोक त्या गटावर किती खर्च करतात त्याप्रमाणे गटांना वजन देतात. सगळे देश एकाच साखळीत बसवायचे असल्याने शेवटचा हिशेब अवघड होतो, पण पाया हाच.

हे काम 1968 मध्ये संयुक्त राष्ट्रं आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने सुरू केलं. आता जागतिक बँक त्याचा समन्वय करते, आणि 2017 च्या फेरीत 176 देश होते. त्या फेरीत भारताचा आकडा डॉलरला 20.65 रुपये आला, तेव्हा बाजारातला भाव 65.12 होता. 2011 मध्ये हेच आकडे 15.55 आणि 46.67 होते. या आकड्यांत एक गोष्ट नीट बघा. 2017 नंतर बाजारातला डॉलर 65 वरून 85 वर गेला, पण पीपीपीचा आकडा विसाच्या आसपासच राहिला. तो रोजच्या चलनबाजाराने हलत नाही. दोन देशांतल्या महागाईत जेवढा फरक पडेल तेवढाच सावकाश हलतो, आणि मधल्या काळात अमेरिकेतही महागाई चांगलीच झाली.

20.65 वापरताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. हा आकडा अख्ख्या देशाच्या सगळ्या उत्पादनाचा आहे. त्यात सरकारी पगार, रस्ते, यंत्रं सगळं येतं. घरखर्चाची तुलना करायची तर फक्त घरगुती खर्चाचा वेगळा काढलेला आकडा वापरायला हवा. आणि तो मुंबई, बेळगाव, खानापूरचं एखादं खेडं या सगळ्यांचा एकच आहे. मुंबईत भाड्याने राहणाऱ्याला तो कमी वाटेल, टिळकवाडीत स्वतःच्या घरात राहणाऱ्याला जास्त.

आता मुलाचा पगार. इथे बहुतेक लोक एकाच भावाने पूर्ण पगार गुणतात आणि दोन्ही बाजूंनी चुकतात. पगाराचे दोन भाग करा. जो तिथेच खर्च होतो तो तिथल्या किमतींत जातो, म्हणून त्याला पीपीपी. जो तो इथे पाठवतो किंवा साठवून पुढे इथेच आणणार आहे, तो बँकेच्या भावाने बदलतो, म्हणून त्याला 85. समजा कर कापून हातात 6,000 डॉलर येतात, 4,500 तिथे संपतात आणि 1,500 उरतात. सगळे 85 ने गुणले तर 5,10,000 रुपये होतात, आणि त्यावरून गावात गैरसमज पसरतात. सगळे 20 ने गुणले तर 1,20,000, आणि मग मुलगा कशाला गेला असं वाटतं. नीट केलं तर 4,500 गुणिले 20 म्हणजे 90,000, आणि 1,500 गुणिले 85 म्हणजे 1,27,500. एकूण 2,17,500. म्हणजे तो तिथे जगतो ते बेळगावातल्या महिना नव्वद हजार खर्च करणाऱ्या घरासारखं, आणि शिवाय महिन्याला सव्वा लाखाहून जास्त बाजूला टाकतो. शिलकीतला प्रत्येक डॉलर इथे आणल्यावर चौपटीहून जास्त काम करतो. परदेशी गेलेल्या मुलांनी काटकसर करून गावी घर बांधण्यामागचं गणित हेच.

आयात होणाऱ्या गोष्टींना पीपीपी कधीच लावू नका. उद्यमबागेतल्या कारखान्याने जर्मनीहून मशीनचा स्पिंडल मागवला तर बिल बाजारभावानेच भरावं लागतं. मुलीला परदेशी शिकायला पाठवायचं असेल तर फी 85 नेच मोजा, विसाने नाही.

तुम्हाला स्वतःचा आकडा काढून बघायचा असेल तर मुलाकडून त्याच्या महिन्याच्या खर्चाची यादी मागवा, पण वजन-मापासकट: दूध किती लिटर, तांदूळ किती किलो, घर किती खोल्यांचं. त्या प्रत्येकाचा बेळगावातला भाव समोर लिहा, आणि ज्यावर तो जास्त खर्च करतो त्याला जास्त वजन द्या. घरभाडं वगळू नका, कारण तिथल्या खर्चात तीच सगळ्यांत मोठी ओळ असण्याची शक्यता आहे. आणि त्याची बेळगावशी जोडी लावणं सगळ्यांत कठीण: दोन खोल्या म्हणजे किती चौरस फूट, चोवीस तास पाणी आहे का, एसी आहे का, हे जुळवल्याशिवाय भागाकार करू नका. मला या कामात सगळ्यांत जास्त चुका सापडल्या त्या भाड्याच्या ओळीत.